‘कोळी चावला’ म्हणून दाखवलेली जखम बहुतेक वेळा गळू असते. फरक ओळखायचा कसा?

सोयाबीनची काढणी, मग कपाशीची वेचणी, त्यामागून ऊसतोड. या दिवसांत गावागावांत एक तक्रार हमखास ऐकू येते. "रात्री काहीतरी चावलं, सकाळी उठलो तर हे असं." मांडीवर, काखेजवळ, कमरेखाली नाहीतर पोटरीवर लालभडक सूज, मधोमध पांढरं किंवा काळपट टोक आणि झोप उडवणारा ठणका. कुणीतरी फोटो काढून गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतं. पाच मिनिटांत खाली उत्तर येतं, "विषारी कोळी आहे, जपून." त्यानंतर उपचार चालतो तो कोळ्याचा, आणि आतला पू तसाच वाढत राहतो.

खरी अडचण इथेच आहे. अशा जखमा बहुतेक वेळा कोळ्याच्या नसतातच. ते असतं गळू, म्हणजे आपण ज्याला बेंड किंवा केसतूड म्हणतो ते. ते जिवाणूंमुळे होतं. त्याचा उपाय वेगळा आणि त्याचा धोकाही वेगळा.

१८२ जणांपैकी खरे चावे किती?

ही गोष्ट अमेरिकेतल्या डॉक्टरांनी नीट मोजून पाहिली आहे. दक्षिण कॅलिफोर्नियात ‘कोळी चावला’ अशी तक्रार घेऊन इस्पितळात आलेल्या १८२ रुग्णांची नोंद तपासली गेली. तो अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यात कोळ्याचा चावा ठरला फक्त ७ जणांना. तब्बल १५६ जणांना त्वचेचा जिवाणू संसर्ग, म्हणजे गळू किंवा त्यासारखाच आजार होता. शंभरातले जवळपास ८६ जण! उरलेल्यांपैकी काहींना दुसरे किडे चावले होते.

त्याआधी, २००२ साली, लॉस एंजेलिसच्या तुरुंगातले कैदी अशाच जखमा दाखवून कोळी चावल्याचं सांगत होते. तपासणीत निघाला ‘स्टॅफ’ नावाचा जिवाणू, आणि तोही नेहमीच्या औषधांना दाद न देणारा. डॉक्टर त्याला एमआरएसए म्हणतात. कोळी मारून तो आटोक्यात येणारा नव्हता. हात धुणं, टॉवेल वेगळे ठेवणं आणि पू काढणं, हेच तिथलं खरं काम होतं.

अमेरिकेत तर मांस सडवणारा विषारी कोळी खरोखर आहे. त्याला तिकडे ‘ब्राउन रेक्लूज’ म्हणतात. जिथे असा कोळी घराघरात सापडतो तिथेही कोळ्याच्या नावावर जिवाणूंचा आजार खपत असेल, तर आपल्याकडे काय होत असेल याचा अंदाज करा. आपल्याकडेही काही जातींच्या कोळ्यांचा चावा त्रास देतो, पण डॉक्टरांनी खात्रीनं नोंदवलेली प्रकरणं फार थोडी आहेत. गळू मात्र दर आठवड्याला प्रत्येक आरोग्य केंद्रात येतं.

कोळ्यावर आळ का येतो?

कारण गळू चाव्यासारखं दिसतं. आदल्या रात्री काही नव्हतं, सकाळी लाल पुळी दिसली, मधोमध एक टिपका आहे, मग कुणीतरी चावलंच असणार असं वाटतं. त्यातून घराच्या आढ्याला, गोठ्यात, गंजीत कोळी असतोच. आरोपी समोर दिसतो, जिवाणू दिसत नाही.

पण कोळ्याची सवय बघा. तो डास किंवा ढेकणासारखा रक्त पिणारा नाही. माणूस त्याचं भक्ष्य नाही. तो चावतो ते दाबला गेला तरच, म्हणजे सदऱ्याच्या बाहीत अडकला, गोणपाटाखाली हात गेला किंवा झोपेत अंगाखाली आला तर. बऱ्याच कोळ्यांच्या दातांना आपली कातडी फोडताही येत नाही. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात एका घरात २००१ साली सहा महिन्यांत त्या विषारी जातीचे २,०५५ कोळी मोजून पकडले गेले. घरात चौघं जण कित्येक वर्षं राहत होते. एकालाही चावा नव्हता.

आता जिवाणूचं बघू. स्टॅफ बाहेरून यावा लागत नाही. दहापैकी साधारण तीन माणसांच्या नाकात तो एरवीही असतो आणि काही त्रास देत नाही. सोयाबीनच्या शेंगेचं टोक ओरखडतं, उसाचं पान कापतं, घामानं ओल्या कपड्यानं मांडी घासते, दाढीचं ब्लेड लागतं. तेवढ्या बारीक फटीतून किंवा केसाच्या मुळातून तो आत शिरतो. शरीर त्याच्याशी लढतं, त्यात मेलेल्या पेशींचा पू होतो, आणि पू साठला की गळू. काढणीच्या दिवसांत हे वाढतं याचं कारण ओरखडे, घाम आणि एकाच टॉवेलावर चालणारं घर.

एक उदाहरण, दिवसागणिक

समजून घेण्यासाठी एक काल्पनिक, पण नेहमी घडतं तसं उदाहरण घेऊ. बेचाळीस वर्षांचे एक शेतकरी. सोमवारी सकाळी मांडीच्या आतल्या बाजूला खाजरी पुळी दिसते. घरचे म्हणतात कोळी चावला. मंगळवारी ती रुपयाच्या नाण्याएवढी लाल होते, हात लावला तर गरम लागते. त्यावर चुना आणि तंबाखू लावला जातो. बुधवारी ठणका सुरू. जवळच्या मेडिकलमधून दोन दिवसांच्या गोळ्या आणतात, आणि कुणीतरी ‘विषाची अ‍ॅलर्जी’ म्हणून इंजेक्शन देतं. शुक्रवारी सूज लिंबाएवढी, मधोमध पिवळट काळं टोक, रात्री थंडी वाजून ताप. रविवारी बायकोच्या हातावर आणि मुलाच्या कुल्ल्यावर तशीच पुळी.

सोमवारी आरोग्य केंद्रात डॉक्टर दोन बोटांनी सूज दाबून बघतात. आत पाण्याच्या फुग्यासारखं हलतं, म्हणजे पू तयार आहे. साखर तपासली तर २८६. मधुमेह आहे हे त्यांना आजवर माहीतच नव्हतं. जागा बधिर करून चीर देतात, तीन-चार चमचे पू निघतो, ठणका तिथल्या तिथे कमी होतो. रोज ड्रेसिंग, सोबत अँटिबायोटिकच्या गोळ्या आणि साखरेचं औषध. दोन-तीन आठवड्यांत जखम भरते.

या आठ दिवसांत नुकसान कुठे झालं ते बघा. चुना-तंबाखूनं कातडी भाजली. दोन दिवसांच्या अर्धवट गोळ्यांनी पू गेला नाही, कारण साठलेल्या पुवापर्यंत रक्तातून औषध नीट पोचतच नाही. ‘अ‍ॅलर्जीचं’ म्हणून दिलेल्या इंजेक्शनात पुष्कळदा स्टेरॉइड असतं. ते सूज थोडी दाबतं, पण अंगाची लढायची ताकद कमी करतं आणि साखर वाढवतं. जिवाणूला हेच हवं असतं. आणि कोळीच चावला म्हटल्यावर टॉवेल, चादर वेगळी करायचं कुणाच्या मनातही आलं नाही, म्हणून आजार घरात फिरला.

स्वतःला विचारा हे पाच प्रश्न

पहिला प्रश्न: कोळी चावताना पाहिला का? घरात कोळी आहे, हे उत्तर धरायचं नाही. चावताना दिसला, लगेच टोचल्यासारखं झालं, अंगाखाली चिरडलेला सापडला, असं असेल तरच चाव्याचा संशय बळकट. मेलेला असला तरी डबीत ठेवा किंवा जवळून फोटो काढा आणि डॉक्टरांना दाखवा.

दुसरा: जखमा किती? एकाहून जास्त ठिकाणी पुळ्या आहेत, किंवा घरात दुसऱ्यालाही आहेत, तर कोळी नव्हे. एक कोळी रात्रीतून तिघांना चावत फिरत नाही. जिवाणू मात्र टॉवेलवरून सहज फिरतो. आधी कधी असंच बेंड येऊन गेलं असेल तरी संशय जिवाणूवरच.

तिसरा: जखम वर आलेली आहे की खोल गेलेली? गळू डोंगरासारखं वर येतं, गरम लागतं, मधोमध लाल किंवा पिवळं असतं. मांस सडवणाऱ्या कोळ्याचा चावा सपाट किंवा किंचित खोलगट असतो, आणि त्याचा मधला भाग फिकट, निळसर किंवा जांभळट दिसतो, कारण तिथला रक्तपुरवठा तुटलेला असतो.

चौथा: पू आहे का? हा सगळ्यांत उपयोगाचा प्रश्न. पिवळा, घट्ट, वास येणारा पू हे जिवाणूचं काम. कोळ्याच्या विषानं पू होत नाही. पाणी सुटू शकतं, पण पुवानं भरलेली गाठ होत नाही.

पाचवा: किती दिवसांत काय झालं? गळू दोन ते पाच दिवसांत वाढत जातं, ठणकतं, पिकतं, तोंड पडतं. कोळ्याच्या साध्या चाव्याची आग आणि सूज बहुधा एक-दोन दिवसांत उतरते. विषारी चाव्यात कातडी काळी पडून जखम उघडायला आठवडाभर तरी लागतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच फुटली असेल तर ते कोळ्याचं काम नाही.

पाचपैकी तीन-चार उत्तरं गळूकडे गेली तर गळू समजूनच पुढे चला. मोबाईलचा खरा उपयोग इथे करा. रोज त्याच वेळी, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून फोटो काढा. लालीच्या कडेनं बॉलपेननं रेघ मारा आणि वेळ लिहा. दुसऱ्या दिवशी लाली रेघेबाहेर गेली असेल तर आजार पसरतोय, हे डॉक्टरांना एका नजरेत कळतं.

गळूही नाही आणि कोळीही नाही, असंही असतं

तीन गोष्टी वेगळ्या ओळखायला हव्यात.

एक, न दुखणारी काळी खपली आणि सोबत जोराचा ताप, डोकेदुखी. सिगारेटनं चटका दिल्यासारखी ती दिसते आणि काख, जांघ, स्तनाखाली, कमरेच्या नाडीजवळ अशा झाकल्या जागी असते. हा स्क्रब टायफस असू शकतो. गवतातल्या बारीक किड्याच्या पिल्लाच्या चाव्यानं तो होतो. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपासच्या विदर्भात त्याचे रुग्ण वाढले होते आणि मृत्यूही झाले. त्यावर डॉक्सीसायक्लिन हे साधं औषध वेळेत मिळालं तर माणूस बरा होतो. म्हणून ताप आला तर डॉक्टरांकडून सगळं अंग तपासून घ्या, आणि शेतात, गवतात काम केल्याचं सांगा.

दोन, अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखे पाणी भरलेले फोड आणि आगआग. ही नागीण. हा विषाणूचा आजार आहे. फोड दिसल्यापासून तीन दिवसांच्या आत औषध सुरू झालं तर फायदा जास्त.

तीन, आणि हे सगळ्यांत महत्त्वाचं. जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री काहीतरी चावल्यासारखं वाटलं, जागेवर खूण दिसत नाही, सूजही नाही, पण पोटात दुखतंय, उलटी होतेय, पापण्या जड होऊन मिटतायत, बोलणं किंवा गिळणं अवघड जातंय, तर तो मण्यार असू शकतो. इथे कोळी की गळू हा विचारच करत बसू नका. सकाळची वाट बघू नका. १०८ ला फोन करा आणि सापाच्या विषावरची लस असलेल्या रुग्णालयात पोचा. विंचू चावून दरदरून घाम सुटत असेल, छातीत धडधडत असेल, हातपाय गार पडत असतील, तरीही तसंच करा.

चीर द्यायची ती डॉक्टरांनीच

आसामच्या तिनसुकिया जिल्ह्यात, सदिया भागात, २०१२ साली कोळ्यांची मोठी दहशत पसरली होती. कोळी चावून दोघं दगावल्याच्या बातम्या देशभर झाल्या. पण शवविच्छेदन झालं नव्हतं, त्यामुळे कोळ्याच्या विषानंच मृत्यू झाला हे सिद्ध झालं नाही. तिथल्या डॉक्टरांनी दुसऱ्याच गोष्टीकडे बोट दाखवलं. रुग्ण आधी वैदूकडे गेले होते, आणि तिथे जखमा ब्लेडनं कापल्या गेल्या होत्या. त्या कापण्यानंही माणसं आजारी पडली असावीत, असं त्यांचं म्हणणं होतं.

आपल्याकडेही सुई तापवून फोडणं, ब्लेड मारणं, दोन अंगठ्यांनी पिळणं चालतं. पिळल्यानं पू बाहेर येतो तेवढाच आतही ढकलला जातो. नाक आणि वरच्या ओठाभोवतीची पुळी तर कधीच पिळू नका. तिथल्या रक्तवाहिन्या आत मेंदूकडच्या वाहिन्यांना जोडलेल्या असतात.

पुळी छोटी असेल, साधारण करंगळीच्या नखाएवढी, ताप नसेल, मधुमेह नसेल, तर घरी शेक द्या. स्वच्छ फडकं गरम पाण्यात बुडवून पिळा आणि दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा ठेवा. पाणी आधी मनगटावर टाकून बघा. शुगरच्या माणसांच्या पायाला चटका कळत नाही, त्यांनी पायावर असा शेक घेऊच नये. तोंड पडून पू आपोआप निघाला तर धुवा आणि स्वच्छ कापडानं झाका.

पुढच्या गोष्टींत मात्र त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठा: सूज लिंबाएवढी झाली, ताप आला, दोन दिवस शेकूनही कमी होत नाही, चेहऱ्यावर किंवा गुदद्वाराजवळ आहे, रुग्ण लहान बाळ, गरोदर बाई किंवा शुगरचा आहे. मानेच्या मागे किंवा पाठीवर एकाच गाठीला अनेक तोंडं पडली असतील तर ती काळपुळी. ती झालेल्यानं साखर तपासलीच पाहिजे. आणि दिसतं त्याहून दुखणं भयंकर आहे, कातडी काळी-जांभळी पडतेय, फोड येतायत, माणूस ग्लानीत जातोय, तर थेट मोठं रुग्णालय. तिथे तासांचा हिशोब असतो.

डॉक्टरांकडे तीन गोष्टी विचारा. आत पू आहे का, चीर द्यायला हवी का? माझी साखर तपासाल का? आणि गळू पुन्हा पुन्हा येत असेल किंवा औषधाला दाद देत नसेल, तर पू तपासणीला पाठवता येईल का? त्या तपासणीत कोणता जिवाणू आहे आणि कोणतं औषध त्यावर चालतं हे कळतं. गोळ्या दिल्या तर सांगितलेले सगळे दिवस घ्या. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडू नका, आणि उरलेल्या गोळ्या शेजाऱ्याला देऊ नका.

घरात एकाला गळू असेल तोवर त्याचा टॉवेल, वस्तरा, चादर वेगळी. कपडे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवा. ड्रेसिंगचं कापड पिशवीत बांधून टाका, उकिरड्यावर उघडं नको. ड्रेसिंग करणाऱ्यानं आधी आणि नंतर साबणानं हात धुवावेत. शेतातून आल्यावर ओरखडे साबणानं धुतले तर पुढचं बरंच टळतं.

आणि पुढच्या वेळी ग्रुपवर असा फोटो पडला की ‘विषारी कोळी’ लिहिण्याआधी दोनच गोष्टी विचारा: कोळी चावताना दिसला का, आणि पू आहे का? उत्तर ‘नाही’ आणि ‘हो’ आलं, तर त्या माणसाला आरोग्य केंद्राचा रस्ता दाखवा.